एका घरातले पाच चष्मे

पाच माणसांच्या घरात चष्म्याचा खर्च बहुतेक वेळा एकदमच अंगावर येतो. मुलीच्या शाळेतून 'फळा नीट दिसत नाही' अशी चिठ्ठी येते. त्याच सुमारास आजीच्या चष्म्याची काडी मोडते. आई बरेच दिवस सुईत दोरा ओवताना हात लांब धरत असते. मग 'एकदाच काय ते होऊन जाऊ दे' म्हणून सगळं घर एखाद्या रविवारी दुकानात जातं आणि आठ-दहा हजारांचं बिल घेऊन बाहेर पडतं. वर्षभरातच त्यातले दोन चष्मे कपाटात पडून राहिलेले असतात. दुकानदाराने फसवलेलं असतं असं नाही. ज्या डोळ्यांचा नंबर अजून ठरलेलाच नव्हता, त्यांच्यासाठी पक्के चष्मे बनवलेले असतात.

घरातल्या चष्म्यांचं अंदाजपत्रक करताना पहिला प्रश्न किमतीचा नसतोच. कोणाचा नंबर आज पक्का आहे, कोणाचा हलता आहे आणि कोणाला अजून चष्म्याचीच गरज नाही, हे आधी पाहायचं. तेवढं कळलं की फुकटची शिबिरं कुठे पुरतात, सरकारी योजना कुठे लागू पडते आणि खिशातले पैसे नेमके कशावर घालायचे, हे आपोआप वेगळं होत जातं.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातलं एक घर घेऊ. वडील ४६ वर्षांचे, टेम्पो चालवतात, महिन्याला तेरा हजार घरी आणतात. आई ४३ वर्षांची, ब्लाउज शिवून तीनेक हजार मिळवते. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा, आणि ६८ वर्षांची आजी. वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या जरा आत. हा आकडा पुढे कामाला येणार आहे.

सुरुवात आजीपासून करायची, कारण तिच्या बाबतीत सर्वांत जास्त पैसे वाचतात ते थांबण्यामुळे. आजी सांगते की लांबचं धूसर दिसतं, पण हल्ली पोथी चष्म्याशिवायही वाचता येते. घरच्यांना वाटतं, आजीची नजर सुधारली. खरं तर हे मोतीबिंदू वाढत असल्याचं लक्षण असू शकतं. डोळ्यातलं भिंग मधोमध घट्ट होत गेलं की डोळा मायनस नंबरकडे सरकतो, आणि त्यामुळे काही काळ जवळचं आपसूक दिसायला लागतं. हा नंबर काही महिन्यांतच पुन्हा बदलतो. अशा वेळी आजीला दोन-अडीच हजारांचा प्रोग्रेसिव्ह चष्मा करून देणं म्हणजे ते पैसे पाण्यात घालणं आहे. तिला चष्म्याच्या दुकानात नेण्याआधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या नेत्र विभागात न्यायचं. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याखाली सरकारी रुग्णालयांत आणि त्यांच्याशी जोडलेल्या धर्मादाय नेत्र रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासकट मोफत होते. गावोगावच्या शिबिरांत मोतीबिंदूचे रुग्ण निवडून त्यांना गाडीने रुग्णालयात नेण्या-आणण्याची सोयही बऱ्याच ठिकाणी असते.

शस्त्रक्रिया झाल्यावरही पहिल्या आठवड्यात नंबर काढायची घाई करायची नाही. जखम भरेपर्यंत डोळ्याचा बाहेरचा पडदा किंचित आकार बदलत असतो, त्यामुळे नंबर, विशेषतः तिरका नंबर, सरकत राहतो. शस्त्रक्रियेच्या पद्धतीप्रमाणे साधारण चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर शेवटचा नंबर देतात. चष्मा करायचा तो त्या कागदावरून. मधल्या काळात वाचायला काही लागलंच तर तयार मिळणारा जवळचा चष्मा चालतो. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू असेल आणि त्याची शस्त्रक्रिया पुढच्या दोन-तीन महिन्यांत व्हायची असेल, तर तोपर्यंतही थांबलेलं बरं.

याच ठिकाणी मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा विचार येतो. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ही योजना आणली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहाय्यक साधनं घेण्यासाठी एकदाच तीन हजार रुपये थेट बँक खात्यात मिळतात. या साधनांत चष्मा आहे. शिवाय श्रवणयंत्र, काठी, घडीचा वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा आणि कंबरेचा पट्टाही आहे. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयाकडे जातो. आपल्या उदाहरणातली आजी यात बसते. पण दोन अटी आधी समजून घ्यायला हव्यात. पैसे खात्यात आल्यावर खरेदीचं बिल तीस दिवसांच्या आत सादर करावं लागतं, नाहीतर रक्कम वसूल होऊ शकते. आणि तेच साधन गेल्या तीन वर्षांत सरकारी योजनेतून फुकट मिळालेलं असेल, तर त्यासाठी पुन्हा लाभ मिळत नाही.

आता पेच बघा. शस्त्रक्रियेनंतर पक्का नंबर यायला सहा आठवडे लागतात आणि बिल द्यायला मुदत तीस दिवसांची. पैसे कधी जमा होतील ते आपल्या हातात नाही. ते नेमके शस्त्रक्रियेच्या आसपास आले, तर घरचे धावपळ करून चुकीच्या वेळी चष्मा करतात. त्यापेक्षा सरळ मार्ग असा, की शस्त्रक्रियेनंतरचा साधा चष्मा रुग्णालयाकडून मिळतो का ते आधीच विचारून ठेवायचं आणि वयोश्रीच्या तीन हजारांतून आजीला खरोखर लागणारी दुसरी वस्तू घ्यायची. गुडघे दुखत असतील तर पट्टा, उठ-बस अवघड असेल तर कमोड खुर्ची. अर्ज करताना आणि बिल देताना कोणत्या साधनाचं नाव लिहिलं आहे ते जुळलं पाहिजे, एवढं बघायचं.

दुसरा नंबर लागतो आठ वर्षांच्या मुलाचा. त्याच्या बाबतीत घाईचा चष्मा नुसते पैसे घालवत नाही, डोळ्यालाही त्रास देतो. शिबिरात मुलाला संगणकावर नंबर काढणाऱ्या यंत्रासमोर बसवतात. आत एक चित्र दिसतं, बहुधा रस्ता आणि त्याच्या टोकाला फुगा. मूल ते चित्र जवळ आहे असं समजून डोळ्याला ताण देतं. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असल्याने हा ताण मोठा असतो, आणि यंत्र मायनस नंबर दाखवतं. कागदावर छापून येतं, उणे एक. प्रत्यक्षात त्या मुलाला नंबर नसतोच किंवा उलट थोडा प्लस असतो. म्हणून लहान मुलाचा पहिला नंबर डोळ्यात थेंब घालून, भिंगाचा ताण सैल करूनच काढायचा. थेंब घातल्यावर काही तास, किंवा औषधाप्रमाणे काही दिवस, जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. त्यामुळे परीक्षेच्या आदल्या दिवशी ही तपासणी नको. बऱ्याच शिबिरांत वेळेअभावी थेंब घालत नाहीत. तिथल्या कागदाला मुलाच्या बाबतीत 'डॉक्टरांना दाखवा' अशी चिठ्ठी समजायचं. त्यावरून चष्मा करायला टाकायचा नाही.

हीच तपासणी फुकट होण्याची एक खात्रीची वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा जाऊन मुलांची तपासणी करतात. त्यात नजरही तपासतात आणि दोष आढळलेल्या मुलांना पुढच्या रुग्णालयात पाठवतात. शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातही आहे. मुलांच्या यादीत आपलं नाव आलं की वर्गशिक्षकांकडून संदर्भपत्र मागून घ्यायचं आणि जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात थेंब घालून तपासणी करून घ्यायची. आपल्या उदाहरणातल्या मुलाचं असं झालं की शिबिरातल्या यंत्राने उणे पाऊण दाखवला, थेंबानंतर शून्याच्या जवळ आला, आणि चष्मा लागलाच नाही. पण हेच मूल एका डोळ्याने कमी बघणारं निघालं असतं, तर घरातला सर्वांत पहिला रुपया त्याच्यावर घालायला हवा होता. कमजोर पडलेला डोळा लहान वयात जितका सुधारतो तितका मोठेपणी सुधारत नाही. म्हणूनच मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून तपासले की नाहीत, हे शिबिरात पालकांनी डोळ्यात तेल घालून बघावं.

शाळेतून मिळणाऱ्या मोफत चष्म्याची एक मर्यादा असते. तपासणी आणि चष्मा हातात पडणं यांत काही आठवडे, कधी महिने जातात. वाढत्या वयात तेवढ्यात नंबर सरकू शकतो. चष्मा आल्यावर मुलाला फळ्याच्या अंतरावरून वाचायला लावून पाहायचं. अडखळलं तर पुन्हा तपासणी करून घ्यायची आणि फ्रेम तीच ठेवून फक्त काचा बदलायच्या.

आता आई-वडील. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं, ते प्रत्येकाच्याच वाट्याला येतं. पंचेचाळिशीला साधारण सव्वा ते दीडचा प्लस, साठीला अडीचच्या आसपास. इथे मोफत शिबिर खरोखर उपयोगी पडतं, कारण हा नंबर साधा असतो आणि तयार चष्मे त्यात पुरतात. फक्त तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर एकच असतो, तिरका नंबर नसतो आणि बुबुळांमधलं अंतर ठरावीक असतं. ज्याचे दोन्ही डोळे सारखे आहेत त्यालाच तो मानवतो.

वडिलांना तो मानवला. लांबचं स्वच्छ, जवळचा दीड. शिबिरात फुकट मिळालेला चष्मा त्यांना मालाच्या पावत्या वाचायला पुरतो. गाडी चालवताना तो घालायचा नाही, त्याने लांबचं धूसर होतं. पण त्याच शिबिरात त्यांच्या रक्तातली साखर तीनशेच्या वर निघाली. साखर खूप वाढलेली असताना डोळ्यातल्या भिंगात पाणी शिरतं आणि नंबर सरकतो. औषधं सुरू होऊन साखर खाली आली की तो पुन्हा सरकतो. त्यामुळे अशा माणसाने साखर काही आठवडे स्थिर राहीपर्यंत पक्का चष्मा करूच नये. वडिलांसाठी फुकटचा तयार चष्मा हा त्या मधल्या काळातला योग्य चष्मा आहे. मधुमेह निघालेल्या माणसाने थेंब घालून डोळ्याचा मागचा पडदाही दाखवून घ्यायला हवा. ती तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि ती चष्म्याहून तातडीची आहे.

आईचं तसं नाही. तिला शिबिरातला सव्वाचा चष्मा दिला आणि दोन तास शिवल्यावर डोकं दुखायला लागलं. ती म्हणाली, "मला वाटलं, फुकटचा म्हणून असा." पुन्हा तपासल्यावर कळलं की उजव्या डोळ्याला एकचा तिरका नंबर आहे. तयार चष्म्यात तो नसतोच. शिवाय तिचं काम दोन अंतरांवरचं आहे, मशीनची सुई हातभर लांब आणि काजं-बटणं त्याहून जवळ. अशा बाईने तपासणीला जाताना कापड आणि सुई-दोरा बरोबर न्यावा आणि ज्या अंतरावर ती काम करते तिथे हात धरून नंबर ठरवून घ्यावा. तपासणाऱ्याला हे आवडतं, कारण त्यामुळे त्याचंही काम नेमकं होतं. आईचा चष्मा सहा-सातशेत होतो आणि या घरात तो सर्वांत आधी करावा असं माझं ठाम मत आहे. आसामच्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना जवळचे साधे चष्मे देऊन एक अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची उत्पादकता न मिळालेल्यांपेक्षा वीस टक्क्यांहून जास्त वाढली. ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या बाबतीत वेगळं काय असणार? घरोघरी तिचाच चष्मा शेवटी होतो.

शिबिर चांगलं की नुसतं दुकानाचं गिऱ्हाईक गोळा करणारं, हे ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. यंत्राच्या कागदावर न थांबता डोळ्यावर चाचणीची फ्रेम चढवून, एकेक काच बदलत, तक्ता वाचायला लावतात का? प्रत्येक डोळा वेगळा तपासतात का? आणि नंबर लिहिलेला कागद हातात देतात का? त्या कागदावर दोन्ही डोळ्यांचा नंबर, तिरका नंबर असेल तर त्याचा कोन, जवळचा वाढीव नंबर, बुबुळांमधलं अंतर, तारीख आणि तपासणाऱ्याची सही हवी. 'चष्मा इथेच घेतलात तर कागद देऊ' असं कोणी म्हटलं, तर त्या शिबिरावर फार भरवसा ठेवू नये. बुबुळांमधलं अंतर बहुतेक कागदांवर लिहिलेलंच नसतं. ते मागून लिहून घ्यायचं. ते चुकलं तर जाड नंबराचा चष्मा अचूक असूनही त्रास देतो.

उरली तेरा वर्षांची मुलगी. घरातला खरा चष्म्याचा खर्च तिचा. उजवा उणे सव्वादोन, डावा उणे पावणेतीन, थोडा तिरका नंबर. या वयात मायनस नंबर वर्षाला अर्ध्याच्या आसपास वाढणं नेहमीचं आहे, कधी त्याहून जास्त. म्हणजे काचा वर्षातून एकदा तरी बदलणार, हे आधीच गृहीत धरायचं. यातून फ्रेमचं गणित ठरतं. फ्रेम अशी घ्यायची जी दोन वेळा काचा बदलल्यावरही टिकेल: पूर्ण कडेची, काड्यांना स्क्रू असलेली, नाकावरचे पॅड बदलता येणारे. फक्त वरच्या कडेने धरलेली आणि खाली नायलॉनची तार असलेली फ्रेम छान दिसते, पण काच काढता-घालताना तिचा काठ टवकतो. आणि दुकानदाराला आधीच विचारायचं, "पुढच्या वर्षी याच फ्रेममध्ये नुसत्या काचा बसवून द्याल ना?" काही दुकानं जुन्या फ्रेममध्ये काच बसवताना फ्रेम तुटली तर जबाबदारी घेत नाहीत, ते तेव्हाच कळतं.

काच मुलांसाठी पॉलिकार्बोनेटची घ्यावी. ती चेंडू लागला तरी सहसा फुटून डोळ्यात जात नाही. तिच्यावर ओरखडे मात्र चटकन पडतात, म्हणून कडक लेप हवाच. प्रतिबिंब न पडू देणारा हिरवट झाकेचा लेप परवडत असेल तर घ्यावा. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांसाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. २०२३ मध्ये कोक्रेन या संस्थेने सतरा चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा संगणकावर काम करताना होणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी कमी होतो असं दिसलं नाही. त्या पैशांत दुसऱ्या वर्षीच्या काचांचा थोडा भाग निघतो. 'एकावर एक फुकट' ही योजनाही या मुलीसाठी तोट्याची, कारण दुसरा चष्मा वापरात यायच्या आत नंबर बदललेला असतो. हलक्या काचेचे, लेपाचे पैसे वेगळे धरलेले असतात ते निराळंच.

या चष्म्याच्या वॉरंटीकडे मात्र नीट पाहायला हवं. 'एक वर्षाची वॉरंटी' असं तोंडी सांगतात, पण ती कशाची ते सांगत नाहीत. बहुधा ती लेप सुटण्याची, फ्रेमचा मुलामा उडण्याची आणि काडीचा सांधा निकामी होण्याची असते. ओरखडे, पडून तुटणं आणि नंबर बदलणं तिच्यात येत नाही. म्हणून बिलावर काचेचं नाव, प्रकार, लेप, दोन्ही डोळ्यांचे नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यायची. काच ज्या कागदी पाकिटात येते ते मागून घ्यायचं. कोणती काच बसवली याचा तोच पुरावा असतो. आणि बिलाचा त्याच दिवशी फोटो काढून ठेवायचा, कारण पातळ छापील पावतीवरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात आणि वॉरंटी मागायच्या वेळी हातात कोरा कागद राहतो.

लेप खराब झाला तर तो कशाने झाला हे घरीच ओळखता येतं. चष्मा काढून ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. काचेत दिव्याचं हिरवट प्रतिबिंब दिसेल. ते प्रतिबिंब कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक तडकलेलं दिसत असेल, तर तो उष्णतेचा परिणाम आहे: टेम्पोच्या काचेमागे उन्हात ठेवलेला चष्मा, गरम पाण्याने धुतलेला चष्मा. काच आणि लेप उष्णतेने कमी-जास्त फुगतात आणि लेप तडकतो. दुकानदार सहसा ही वॉरंटी नाकारतो. काचेच्या कडेपासून लेपाचे तुकडे सुटत असतील आणि तुम्ही चष्मा उन्हात ठेवलेला नसेल, तर तो बनवण्यातला दोष असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे वॉरंटी मागायचीच. मधोमध बारीक सरळ रेघा असतील तर त्या कोरड्या ओढणीने किंवा पदराने पुसल्याच्या. आधी गार पाण्याखाली धूळ वाहू द्यायची, मग मऊ कापडाने टिपायचं, एवढ्याने लेपाचं आयुष्य कितीतरी वाढतं. मोडलेली काडी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडू नये. त्याच्या वाफेने काचेवर पांढरी पुटं बसतात आणि दुकानदाराला वॉरंटी नाकारायला कारणही मिळतं. मोडका तुकडा जपून ठेवून तसाच दुकानात न्यायचा.

नवीन चष्मा घातल्यावर चक्कर येते, जमीन तिरकी दिसते अशी तक्रार आली तर आठवडाभर थांबून बघायचं. तिरक्या नंबराला डोळे बसायला तेवढा वेळ लागतो. नंतरही त्रास राहिला तर दुकानात जाऊन काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर चष्मा ठेवायला सांगायचं आणि आकडे आपल्या कागदाशी ताडून बघायचे. आकडे जुळले नाहीत तर चूक दुकानाची, काचा विनाशुल्क बदलून द्यायला हव्यात. आकडे आणि बुबुळांचं अंतर दोन्ही जुळले, तर चूक बहुधा तपासणीची, आणि कागद ज्याने दिला त्याच्याकडे परत जायचं. ही वाट ठाऊक नसली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि माणूस दमून गप्प बसतो.

ढोबळ चूक घरीही पकडता येते. चष्मा हातभर लांब धरून त्यातून दाराच्या चौकटीची उभी कड पाहा आणि चष्मा डावीकडून उजवीकडे हलवा. मायनस काचेत कड चष्म्याच्याच दिशेने सरकते, प्लस काचेत उलट दिशेने. मग चष्मा घड्याळाच्या काट्यासारखा थोडा फिरवा. कड तुटून तिरकी झालेली दिसली तर तिरका नंबर आहे. आईच्या नव्या चष्म्यात उजव्या काचेत ही कड तिरकी व्हायलाच हवी. नाही झाली, तर तिला पुन्हा तिरका नंबर नसलेलाच चष्मा दिला गेला आहे.

सदोष माल परत घ्यायला दुकानदार नकार देत असेल, तर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही बिलावरची ओळ त्याला वाचवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर तीस दिवसांत, सदोष वस्तू परत घेण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिल पक्कं असेल तरच हे सगळं लागू होतं. करासाठी कच्च्या बिलावर घ्यायचा मोह आता तसाही कमी व्हायला हवा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यांवरचा, काचांवरचा आणि फ्रेमवरचा जीएसटी पाच टक्के झाला आहे. हजाराच्या चष्म्यावर पन्नास रुपये. तेवढ्यासाठी वॉरंटीवर पाणी सोडण्यात अर्थ नाही.

आता हिशोब मांडू. भाव तालुक्याच्या गावातले, ढोबळ. आईचा चष्मा सातशे. मुलीची फ्रेम आठशे आणि लेपासकट पॉलिकार्बोनेटच्या काचा अकराशे, मिळून एकोणीसशे. वर्षअखेर तिच्या काचा बदलायला आणखी अकराशे बाजूला. आजीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाकडून चष्मा नाही मिळाला तर सहाशे. स्क्रू, पॅड, काडी अशा दुरुस्तीला दोनशे. वडिलांचं आणि मुलाचं काही नाही. एकूण साडेचार हजार, म्हणजे महिन्याला पावणेचारशे. तेही एकदम नाही. आईचे सातशे या महिन्यात, मुलीचे पुढच्या दोन महिन्यांत, आजीचे शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी, आणि मुलीच्या दुसऱ्या काचांसाठी दर महिन्याला नव्वद-शंभर बाजूला टाकत जायचे. दुसऱ्या वर्षी फ्रेम घ्यावी लागत नाही, आईचा नंबर दोनेक वर्षं फारसा हलत नाही. तेव्हा खर्च मुलीच्या काचा आणि वडिलांची साखर स्थिरावल्यावर, हवाच वाटला तर, त्यांचा एक बायफोकल एवढाच उरतो. त्यांना प्रोग्रेसिव्हपेक्षा बायफोकलच सुचवावा. तो स्वस्त पडतो, आणि गाडीच्या आरशात पाहताना प्रोग्रेसिव्हच्या कडांना जाणवणारा धूसरपणा त्यात नसतो.

पाचही जणांचे नंबरचे कागद, बिलांचे फोटो आणि पुढच्या तपासणीची तारीख एका वहीत किंवा फोनमधल्या एका फोल्डरमध्ये असू द्या. मुलीची तारीख सहा महिन्यांनंतरची लिहा, मुलाची वर्षानंतरची, आणि वडिलांची साखर तपासायच्या दिवसाशी जोडून.